घरच्या गुंतवणुकीत सोनं किती? आधी तराजू, मग टक्का

गुंतवणुकीत सोनं किती असावं, असं विचारलं की उत्तरं ठरलेली असतात: कुणी पाच टक्के म्हणतं, कुणी दहा, कुणी पंधरा. आकडे चुकीचे नाहीत. पण हे टक्के कशाचे, त्यात घरातलं कुठलं सोनं धरायचं आणि ते घेण्यासाठी पैसा कुठून काढायचा, हे कुणी सांगत नाही. या तीन गोष्टी ठरवल्याशिवाय टक्क्याला अर्थ नाही. एकाच घराचं सोनं तीन पद्धतींनी मोजलं तर उत्तर 9 टक्के, 20 टक्के आणि 10 टक्के असं येऊ शकतं. ते कसं, हे पुढे आकडे मांडून पाहू. त्याआधी सोनं गुंतवणुकीत नेमकं काय काम करतं ते पाहायला हवं.

ठेवीवर व्याज मिळतं, शेअरच्या मागे कंपनीचा नफा असतो, घराला भाडं येतं. सोन्याला यातलं काहीच नाही. शंभर ग्रॅमची लगड वीस वर्षं तिजोरीत ठेवली तर वीस वर्षांनी ती शंभर ग्रॅमच असते. भाव वाढला तरच फायदा, एरवी नाही. मग ते ठेवायचंच कशाला? तर सोन्याचा भाव बहुतेक वेळा शेअरांच्या तालावर चालत नाही म्हणून. शेअर पडतात तेव्हा सोनं वर जाईलच असं नाही, पण दोन्ही एकाच कारणाने एकाच वेळी पडण्याची शक्यता कमी असते. 2022 साली अमेरिकेत शेअर आणि रोखे दोन्ही एकदम घसरले. शेअर जवळपास 18 टक्के, रोखे सुमारे 13 टक्के. म्हणजे एक पडलं की दुसरं सावरेल, ही भिस्तच त्या वर्षी गेली. सोनं मात्र डॉलरमध्ये वर्षाच्या शेवटी साधारण जिथल्या तिथे होतं. फार मोठा नफा झाला नाही, पण ते पडलं नाही, आणि गुंतवणुकीतल्या सोन्याकडून अपेक्षा एवढीच ठेवावी.

दुसरं कारण चलनाचं. सोन्याचा जागतिक भाव डॉलरमध्ये ठरतो. ज्या घराची सगळी कमाई आणि सगळ्या ठेवी डॉलरच्या तुलनेत वर्षानुवर्षं घसरत जाणाऱ्या चलनात आहेत, त्या घराला सोनं त्या घसरणीपासूनही थोडं वाचवतं. जागतिक भाव जागेवर राहिला तरी त्यांच्या चलनात तो चढतो. म्हणून अशा घराने सोन्याचा वाटा थोडा जास्त ठेवला तर ते समजण्यासारखं आहे. ज्याची कमाई मुळात डॉलरसारख्या चलनात आहे, त्याला या कारणासाठी सोनं घ्यायची गरज तेवढी नाही.

सोन्याबद्दलचा सर्वांत महाग गैरसमज म्हणजे ‘सोनं कधी पडत नाही’. ऑगस्ट 1971मध्ये अमेरिकेने डॉलरच्या बदल्यात सोनं देणं थांबवलं आणि काही वर्षांत सोन्याचा भाव पूर्णपणे बाजाराच्या हाती गेला. तो चढत चढत जानेवारी 1980मध्ये औंसाला 850 डॉलरवर पोहोचला. (एक औंस म्हणजे 31.1 ग्रॅम.) त्यानंतर तो उतरत गेला आणि 2001च्या सुमारास 260 डॉलरच्या आसपास रेंगाळत होता. 850चा आकडा पुन्हा दिसायला 2008चा जानेवारी उजाडावा लागला. मधल्या काळात महागाई चालूच होती. 1980 ते 2001मध्ये अमेरिकेतल्या किमती दुपटीहून जास्त झाल्या. म्हणजे अगदी शिखरावर घेतलेल्या सोन्याची खरी क्रयशक्ती 2001पर्यंत पंच्याऐंशी टक्क्यांहून जास्त घटली होती. शिखर निवडून हिशोब करणं थोडं अन्यायाचं आहे हे खरं, पण घरोघरी सोन्याची खरेदी भाव चढलेला असतानाच सर्वांत जास्त होते, म्हणून हे उदाहरण लक्षात ठेवायला हवं. दुसरं उदाहरण जवळचं आहे: सप्टेंबर 2011मध्ये 1,900 डॉलरच्या आसपास गेलेलं सोनं डिसेंबर 2015मध्ये 1,050च्या घरात आलं, म्हणजे सुमारे 45 टक्के घसरण.

आता ही 45 टक्के घसरण तुमच्या वाट्याला लावून पाहा. सोनं एकूण गुंतवणुकीच्या 10 टक्के असेल तर एकूण पैशाला साडेचार टक्क्यांचा फटका बसतो. दुखतं, पण झोप उडत नाही. सोनं 30 टक्के असेल तर फटका साडेतेरा टक्क्यांचा, आणि तो भरून निघायला नऊ वर्षं वाट पाहावी लागली, कारण 2011चा भाव 2020च्या उन्हाळ्यातच मागे पडला.

दहाच्या आसपासच का थांबायचं

समजा एका माणसाचा सगळा पैसा शेअरांत आहे. शेअरांचे वर्षाचे हेलकावे साधारण 16 टक्के धरू. म्हणजे सरासरीच्या वर-खाली एवढं झुलणं नेहमीचं. सोन्याचे हेलकावेही जवळपास तेवढेच असतात, आणि दोघांच्या चालीचा एकमेकांशी संबंध नाही असं मानू. आता शेअर कमी करून सोनं वाढवत नेलं तर एकूण हेलकावे असे बदलतात: सोनं 10 टक्के केलं की 16चे 14.5 होतात. 20 टक्के केलं की 13.2. 30 टक्क्यांना 12.2, 40 टक्क्यांना 11.5 आणि 50 टक्क्यांना 11.3.

पहिल्या दहा टक्क्यांनी दीड अंक वाचवला, शेवटच्या दहांनी जेमतेम पाव अंक. उलट खर्चाची बाजू सरळ रेषेत वाढत जाते. लांबच्या पल्ल्यात शेअर सोन्यापेक्षा वर्षाला 3 टक्के जास्त देतील असं धरलं, तर सोन्याचा प्रत्येक दहा टक्के वाटा एकूण परताव्यातून दरवर्षी 0.3 टक्के घेतो. पहिल्या दहांनाही तेवढेच, पाचव्या दहांनाही तेवढेच. म्हणजे किंमत तीच आणि मिळकत घटत जाणारी. वाटा मर्यादित ठेवायचा तो यासाठी.

आणि बहुतेक घरांचा पैसा सगळाच्या सगळा शेअरांत नसतो, ठेवी असतातच. तिथे एक बारीक गोष्ट आहे, जिच्याकडे फार कमी लोक लक्ष देतात. समजा पैसा निम्मा शेअरांत, निम्मा ठेवींत आहे. ठेवी हलत नाहीत, म्हणून एकूण हेलकावे 8 टक्के. आता 10 टक्के सोनं घ्यायचं आहे. ते ठेवी मोडून घेतलं, तर हेलकावे 8वरून 8.2 होतात. कमी होत नाहीत, किंचित वाढतात! तेच शेअर कमी करून घेतलं तर 6.6वर येतात. सोनं ही शांत वस्तू नाही. शेअरांच्या शेजारी ठेवलं की ते त्यांचा झोका तोडतं, ठेवीच्या जागी ठेवलं की नवा झोका आणतं. सुरक्षित म्हणून ठेव मोडून सोनं घेणारा माणूस आपली जोखीम वाढवत असतो, आणि त्याला वाटत असतं की कमी केली.

हे सगळं धरून आमचं मत असं: बहुतेक घरांना 5 ते 10 टक्के पुरतं. चलन सतत घसरणारं असेल किंवा शेअरांचा वाटा मोठा असेल तर 15पर्यंत जायला हरकत नाही. त्यापुढे जायला सबळ कारण हवं, आणि ‘भाव वाढतोय’ हे कारण होऊ शकत नाही. 5च्या खाली सोनं ठेवण्यात चूक काही नाही, पण मग त्याने काही फरकही पडत नाही. 2 टक्के सोनं दुप्पट झालं तरी एकूण पैसा 2 टक्क्यांनीच वाढतो.

मोजायचं कसं

आता एका घराचा हिशोब पूर्ण मांडू. चलन कुठलंही असो, अडचण नको म्हणून मोजणीच्या दिवशी एक ग्रॅम चोख सोन्याचा जो भाव, त्याला एक एकक म्हणू. या घरात शेअरांचे फंड 400 एककांचे आहेत, बँकेतल्या ठेवी आणि निवृत्तीसाठी साठवलेली रक्कम मिळून 500, शिवाय सहा महिन्यांच्या खर्चाची रोकड 60, राहतं घर 1,500 एककांचं. सोन्यात 24 कॅरेटची 60 ग्रॅम नाणी आणि 22 कॅरेटचे 160 ग्रॅम दागिने.

घाईचा हिशोब असा होतो: दागिने घेतले तेव्हाच्या पावतीप्रमाणे, म्हणजे 160 ग्रॅम अधिक 12 टक्के घडणावळ, मिळून 179. नाणी 60. एकूण सोनं 239. रोकड धरून बाकीचा पैसा 960. सोन्याचा वाटा 20 टक्के. ‘अरे बाप रे, फार झालं’ म्हणून घर घाबरतं. दुसरा कुणी राहतं घरही बेरजेत धरतो, मग तोच वाटा 9 टक्क्यांवर येतो आणि ‘अजून घ्यायला वाव आहे’ असं वाटतं. दोन्ही हिशोब चुकीचे आहेत.

बरोबर हिशोबासाठी आधी बेरजेतून दोन गोष्टी काढायच्या. राहतं घर काढायचं, कारण ते विकून गुंतवणुकीची फेरमांडणी कुणी करत नाही. आणीबाणीची रोकडही काढायची, कारण तिचं काम वेगळं आहे. मग दागिन्यांकडे यायचं. ते विकायला नेले की काय होतं ते नीट पाहिलं तर पावतीचा आकडा का चालत नाही हे कळतं. काट्यावर आधी सगळा डाग ठेवला जातो, मग खडे, मोती, लाख काढून पुन्हा वजन होतं. या घराच्या 160 ग्रॅममधले 10 ग्रॅम तिथेच जातात. उरलेले 150 ग्रॅम निव्वळ, पण 22 कॅरेटचे, म्हणजे शंभरात 91.6 भाग सोनं, बाकी तांबं किंवा चांदी. मग यंत्रावर शुद्धता तपासली जाते, जुन्या दागिन्यांत डाखामुळे ती सांगितल्यापेक्षा कमी निघू शकते. शेवटी वितळवताना येणारी घट आणि घेणाऱ्याचा नफा. हे दोन्ही मिळून आपण 5 टक्के धरू. घडणावळीचा तर एक पैसाही परत मिळत नाही. म्हणजे 112ला घेतलेला दागिना त्याच संध्याकाळी विकला तर 95 हातात येतात. भाव जवळपास 18 टक्के चढेपर्यंत तो मुद्दलातच नसतो. अंगावर घालायला दागिना घ्यावा, त्यात गैर काही नाही. पण त्याला गुंतवणूक म्हणू नये.

आता या घराने 150 ग्रॅमचे दोन ढीग करायचे. एक, जे वापरात आहेत आणि कधीच विकले जाणार नाहीत, समजा 100 ग्रॅम. दुसरा, जे वर्षानुवर्षं डब्यात पडून आहेत आणि उद्या विकायला घरात कुणाचीच हरकत नाही, 50 ग्रॅम. हे ढीग घरातल्या सगळ्यांनी मिळून करायचे आहेत. एकट्याने कागदावर केले की ऐन वेळी ‘तो हार नाही द्यायचा’ असं निघतं आणि हिशोब कोलमडतो.

दुसऱ्या ढिगाचे 50 ग्रॅम म्हणजे 45.8 ग्रॅम चोख, 5 टक्के वजा करून साधारण 43.5 एकक. नाणी 60 ग्रॅम, विकताना 2 टक्के कमी मिळतील असं धरून 58.8. गुंतवणुकीतलं सोनं झालं 102 एकक. बाकीची गुंतवणूक 900. एकूण 1,002, म्हणजे सोनं 10 टक्के. ठीक आहे, आणखी घ्यायची गरज नाही.

वापरातल्या 100 ग्रॅमचं काय? ते हिशोबात नाहीत, पण अगदीच विसरायचेही नाहीत. ते धरले तर आणखी 87 एकक येतात आणि वाटा 17 टक्क्यांवर जातो. खरोखर वाईट वेळ आली तर ते विकले जाऊ शकतात हे घरालाही माहीत असतं. म्हणून ज्या घरात असे दागिने भरपूर आहेत, त्यांनी गुंतवणुकीचं सोनं 5च्या बाजूला ठेवावं. ज्या घरात दागिने जवळपास नाहीतच, त्यांनी 10च्या बाजूला. या घराचं 10 थोडं वरच्या अंगाला आहे, चिंतेचं नाही.

वर्षातून एकदा, आणि तेवढंच

वाटा ठरवला की तो सांभाळायचा असतो, नाहीतर भाव स्वतःच तो बदलत राहतो. वर्षातला एक दिवस ठरवून मोजायचं. 10 टक्के लक्ष्य असेल तर 7 ते 13 या पट्ट्यात असेपर्यंत काहीही करायचं नाही. पट्ट्याबाहेर गेलं तरच हात लावायचा.

वरच्याच घराचं पुढचं वर्ष घेऊ. सोनं 40 टक्के चढलं, शेअर 15 टक्के पडले, ठेवी 5 टक्के वाढल्या. सोनं 143, शेअर 340, ठेवी 525, एकूण 1,008. सोन्याचा वाटा 14.2 टक्के झाला, पट्टा ओलांडला. परत 10 टक्क्यांवर यायला सोनं 101 हवं, म्हणजे 42 एककांचं विकायचं. ग्रॅमचा भाव आता 1.4 एकक, 2 टक्के कमी मिळतात असं धरलं तर जवळपास 31 ग्रॅम नाणी. आलेले पैसे पडलेल्या शेअरांत घालायचे. मन नेमकं उलट सांगतं: चढणारं विकू नको, पडणाऱ्याला हात लावू नको. पण सोनं ज्यासाठी ठेवलं होतं तो हाच क्षण. हे केलं नाही तर सोनं ठेवल्याचा अर्धा फायदा कागदावरच राहतो. सोनं पडून वाटा 7च्या खाली जातो तेव्हा ते घ्यायचं असतं, आणि ते याहून अवघड जातं, कारण तेव्हा सोन्याचं नाव कुणी काढत नसतं.

दर महिन्याला असं करू नये. प्रत्येक फेरीत घेण्या-विकण्याच्या भावातला फरक जातो, आणि बऱ्याच ठिकाणी नफ्यावर करही. नुकती सुरुवात केलेल्या घराला तर विकावंच लागत नाही. साठा लहान असतो, तेव्हा नवी बचत काही महिने दुसरीकडे वळवली की वाटा आपोआप जागेवर येतो.

आणीबाणीची रोकड सोन्यात ठेवू नये, हे 2008ने दाखवलं. त्या मार्चमध्ये 1,000 डॉलरपलीकडे गेलेलं सोनं, बाजार कोसळत असताना, ऑक्टोबरमध्ये 700च्या घरात आलं. कारण साधं होतं. ज्यांना दुसरीकडची देणी भागवायची होती त्यांनी जे विकलं जाईल ते विकलं, आणि सोनं चटकन विकलं जातं. वर्ष संपेपर्यंत ते सावरलं आणि किंचित वरच बंद झालं, त्याच वर्षी अमेरिकेतले शेअर 37 टक्के पडले होते. बारा महिने थांबू शकणाऱ्याला सोन्याने साथ दिली. ज्याला ऑक्टोबरमध्येच दवाखान्याचं बिल भरायचं होतं त्याला नाही. तसंच, चढ्या व्याजाचं कर्ज डोक्यावर असेल तर सोनं घ्यायच्या आधी ते फेडावं. व्याज न देणारी वस्तू व्याज भरून सांभाळण्यात काही शहाणपण नाही.

उरला प्रश्न कुठल्या रूपात घ्यायचं याचा. नाणं किंवा लगड स्वतःच्या ताब्यात असते, बँक बंद असो की व्यवस्था कोलमडो. पण चोरीची भीती, लॉकरचं भाडं आणि शुद्धतेची शंका तिच्यासोबत येतात. शंका रास्त आहे: टंगस्टन या धातूची घनता सोन्याएवढीच, 19.3च्या आसपास आहे. त्यामुळे आत टंगस्टन भरलेली लगड वजनात आणि पाण्याच्या चाचणीतही खरी निघते. म्हणून मोठ्या लगडीऐवजी नामांकित टांकसाळीची, सीलबंद, 5 ते 10 ग्रॅमची नाणी बरी. हव्या तेवढीच विकताही येतात. खात्यावरच्या सोन्याच्या फंडात या अडचणी नाहीत. घेण्या-विकण्यातला फरक कमी असतो, वर्षाचा खर्च मात्र कापला जातो. तो अर्ध्या टक्क्याच्या वर असेल तर दुसरा फंड पाहावा, आणि फंडाने युनिटांमागे खरं सोनं ठेवलं आहे की नुसता करार, हे त्याच्या कागदपत्रात वाचून घ्यावं. आम्ही दोन्हींची विभागणी सुचवू. जे वर्षानुवर्षं हलवायचं नाही ते नाण्यांत, आणि दरवर्षीच्या फेरमांडणीत ये-जा करणारा भाग खात्यावर. वरच्या घराचं 102पैकी 40 एककांचं सोनं खात्यावर असतं, तर 40 टक्के चढून त्याचे 56 झाले असते, आणि 42 एककांची ती विक्री तिजोरी न उघडता झाली असती.